गोळी चुकली नव्हती: क्षयरोगाच्या उपचारात राहिलेल्या गर्भाचं प्रकरण

गर्भनिरोधकांचा तक्ता बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असतो. साधन, कार्यपद्धती, अपयशाचा दर, निषिद्ध स्थिती असे चार रकाने. मीही तो पाठ करूनच पास झाले. पण हे चार रकाने एकमेकांत कसे गुंतलेले असतात, ते मला मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी असताना एका बाईमुळे कळलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिला इथे सुनीता म्हणू.

पार्श्वभूमी

सुनीता २६ वर्षांची, दोन मुलांची आई. नवराबायको दोघं ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर टोळी उचलली की मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत कोपी घालून राहायचं. धाकटी मुलगी सप्टेंबरमध्ये झाली. त्या वर्षी ती बाळामुळे गावातच राहिली होती.

पहिले सहा महिने तिने कुठलंही साधन वापरलं नाही. बाळ पूर्णपणे अंगावर पीत होतं आणि पाळी आलेली नव्हती. या तिन्ही अटी, म्हणजे सहा महिन्यांच्या आतलं बाळ, निव्वळ स्तनपान आणि पाळी न येणं, एकत्र असतील तोवर गर्भ राहण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा कमी असते. एक अट मोडली की हे संरक्षण गेलं. एप्रिलमध्ये पाळी आली, बाळाला वरचं खाणं सुरू झालं, आणि आशाताईने तिला माला-एन या संयुक्त गर्भनिरोधक गोळीचं पाकीट दिलं.

आशाताईचं त्यात काहीही चुकलं नाही. संयुक्त गोळीतल्या इस्ट्रोजेनने दूध कमी होऊ शकतं, शिवाय बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका जास्त असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी ही गोळी पहिल्या सहा आठवड्यांत चौथ्या वर्गात येते, सहा आठवडे ते सहा महिने तिसऱ्या वर्गात, आणि त्यानंतर दुसऱ्या. हे वर्ग परीक्षेत सतत लागतात: पहिला म्हणजे बेधडक द्या, दुसरा म्हणजे फायदा धोक्यापेक्षा जास्त, तिसरा म्हणजे धोका फायद्यापेक्षा जास्त, चौथा म्हणजे देऊच नका. सुनीताचं बाळ सात महिने उलटलेलं, ती तंबाखू खात नव्हती, रक्तदाब ११०/७० आणि अर्धशिशीचा त्रास नव्हता. ५ मे रोजी तिने पहिली गोळी घेतली.

जूनच्या सुरुवातीला ती खोकल्यासाठी आली. बेडक्यात क्षयरोगाचे जंतू सापडले. औषधाला दाद न देणारा प्रकार नव्हता. वजन ४३ किलो, म्हणून रोज चार औषधांच्या एकत्रित गोळ्या तीन, हा नेहमीचा उपचार मी १० जूनला सुरू केला. गोळ्या घरी नेऊन देण्याची जबाबदारी त्याच आशाताईवर आली. तिच्या एकाच पिशवीत माला-एन आणि क्षयरोगाची औषधं शेजारी शेजारी होती.

मी त्या दिवशी सुनीताला घरातल्या बाकीच्यांच्या खोकल्याबद्दल विचारलं, दारूबद्दल विचारलं, कावीळ झाली होती का ते विचारलं. पाळणा लांबवण्यासाठी काही घेतेस का, हे विचारलं नाही.

अडचण कशी उभी राहिली

दोन महिने पूर्ण झाल्यावर ती बेडक्याच्या तपासणीसाठी ११ ऑगस्टला आली. खोकला गेला होता, वजन दीड किलोने वाढलं होतं. पण सकाळी उलटी होते, अन्नावर वासना नाही, असं म्हणाली. क्षयरोगाच्या औषधांवर असलेल्या माणसाला मळमळ झाली की डॉक्टरांचं डोकं थेट यकृताकडे जातं. माझंही गेलं. डोळे पिवळे नव्हते, बिलिरुबिन आणि एन्झाइम ठीक निघाले. मग सवयीनेच विचारलं, पाळी कधी आली होती? म्हणाली, मागच्या खेपेला आलीच नाही.

लघवीच्या चाचणीत दोन रेघा उमटल्या.

आशाताई शेजारीच उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "गोळी विसरली असशील गं." सुनीताने काही न बोलता पिशवीतून एक प्लास्टिकची थैली काढली. त्यात माला-एनची तीन रिकामी पाकिटं आणि एक अर्धवट पाकीट होतं. रिकाम्या पाकिटांतला एकूण एक खळगा फोडलेला, शेवटच्या सात तपकिरी लोहाच्या गोळ्यांसकट. "एक पण चुकली नाही मॅडम. दिवा लावला की गोळी घ्यायची, असं ठरवलेलं आहे माझं."

मग पाकिटांच्या आधारे दिवस जुळवले. पहिलं पाकीट मे महिन्याचं, तेव्हा क्षयरोगाचं औषध नव्हतं आणि पाळी वेळेवर आली. दुसरं पाकीट २९ जूनला संपलं. त्यातल्या लोहाच्या गोळ्या चालू असताना, २५ जूनला पाळी आली, पण अगदी थोडी. तिसऱ्या पाकिटात १२व्या ते १४व्या गोळीदरम्यान तीन दिवस डाग दिसले होते. तिने आशाताईला सांगितलं होतं. आशाताईने "सुरुवातीला होतं तसं, बंद करू नको" असा धीर दिला होता. लघवी लाल होते, असंही तिने तेव्हाच विचारलं होतं आणि त्याचं बरोबर उत्तर तिला मिळालं होतं: ते औषधामुळे आहे, घाबरायचं नाही. तिसऱ्या पाकिटातल्या तपकिरी गोळ्या २७ जुलैला संपल्या तेव्हा पाळी आली नाही. तिने नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी चौथं पाकीट सुरू केलं.

नेमकं काय बिघडलं

माला-एनच्या प्रत्येक पांढऱ्या गोळीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडायॉल आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. दोन्ही मिळून मेंदूकडून येणारा संदेश दाबतात, बीज सोडवणाऱ्या एल.एच. या संप्रेरकाची लाट येत नाही आणि बीज सुटत नाही. शिवाय गर्भाशयमुखाचा चिकटा घट्ट होतो. डोस मुद्दाम कमी ठेवलेला असतो, दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून. त्यामुळे रक्तातली पातळी थोडी जरी घसरली तरी हाती फारसं उरत नाही.

सुनीताच्या चार औषधांपैकी रिफॅम्पिसिन हे यकृतातल्या आणि आतड्यातल्या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांना, विशेषतः सीवायपी ३ए४ला, जबरदस्त चालना देतं. एक-दोन आठवड्यांत हा कारखाना पूर्ण जोमाने चालू होतो, आणि रिफॅम्पिसिन थांबवल्यावरही थंड व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून शेवटच्या डोसनंतर किमान चार आठवडे सावध राहायचं. या काळात गोळी रोज पोटात जाते, पण रक्तात टिकत नाही. अस्तराला आधार देणारं संप्रेरक कमी पडलं की मध्येच डाग दिसतात. नव्याने गोळी सुरू केलेल्या बाईला पहिल्या दोन-तीन महिन्यांत असे डाग दिसणं सामान्य आहे, हे आशाताईचं म्हणणं पुस्तकातलंच. पण सुनीताचं पहिलं पाकीट एकाही डागाशिवाय गेलं होतं. सुरळीत चाललेल्या गोळीवर अचानक डाग दिसले, तर मधल्या काळात नवीन कुठलं औषध सुरू झालं हे विचारायला हवं. अपस्माराची फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारखी औषधंही हेच करतात.

इथे अपयशाच्या दराकडे वळू, कारण परीक्षेत इथेच घोळ होतो. संयुक्त गोळीचा दर दोन आकड्यांत सांगतात: काटेकोर वापरात वर्षाला शंभर बायकांमागे ०.३ आणि प्रत्यक्ष वापरात ७. जुन्या आवृत्त्यांत ९ सापडेल. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजे विसरलेल्या गोळ्या, उशिरा सुरू केलेली पाकिटं, संपलेला साठा. कॉपर-टी ३८० एचे तेच आकडे ०.६ आणि ०.८, जवळजवळ सारखे, कारण बसवल्यावर बाईच्या हातात काही उरत नाही. सुनीताने गोळी घेतली काटेकोर. तरी ०.३ हा आकडा तिला लागू नव्हता आणि ७ हाही नव्हता. तो तिच्यासारख्या बाईवर मोजलेलाच नाही. निषिद्ध स्थितीचा रकाना आणि अपयशाचा रकाना वेगळा, असं आपण शिकतो. इथे औषधाची निषिद्ध जोडी हेच अपयशाचं कारण होतं. याच कारणाने रिफॅम्पिसिनसोबत संयुक्त गोळी तिसऱ्या वर्गात टाकली आहे. बाईला इजा होईल म्हणून नव्हे, ती भरवशाची राहत नाही म्हणून.

पर्ल निर्देशांकाचं गणितही याच जागी समजून घ्या. गर्भधारणा गुणिले १२००, भागिले एकूण वापराचे महिने. समजा एका उपकेंद्राच्या यादीतल्या बायकांनी मिळून १५०० महिने एखादं साधन वापरलं आणि तिघींना गर्भ राहिला.

```
3 × 1200 / 1500 = 2.4
```

म्हणजे दर शंभर स्त्री-वर्षांमागे २.४. हा आकडा त्या यादीत कोण होतं यावर पूर्णपणे अवलंबून असतो. यादीतल्या दहा जणी क्षयरोगाच्या उपचारावर असत्या, तर तेच साधन वाईट दिसलं असतं.

पहिला निर्णय: या गर्भाचं काय

पहिली गोष्ट तिला सांगायची होती ती ही की गर्भाला धोका आहे म्हणून तो पाडावाच लागेल, असं नाही. रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड, इथॅम्ब्युटॉल गरोदरपणात चालतात. टाळायचं असतं ते स्ट्रेप्टोमायसिन, आणि ते तिला चालू नव्हतं. सुरुवातीला नकळत घेतलेल्या माला-एनने बाळात व्यंग येतं, असंही दिसलेलं नाही. हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन आली आणि नको म्हणाली. दोन लहान मुलं, अजून चार महिन्यांचं औषध, त्यात उचल घेतलेली.

१९७१च्या गर्भपात कायद्यात गर्भनिरोधक साधनाचं अपयश हे मान्य कारण आहेच. २०२१च्या दुरुस्तीनंतर ते विवाहित-अविवाहित असा भेद न करता लागू होतं. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, आणि सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. तो आला ते चांगलंच, पण कागदावर त्याची गरज नव्हती.

शेवटच्या पाळीपासून जेमतेम सात आठवडे झाले होते, म्हणजे गोळ्यांनी गर्भपात करता आला असता. ग्रामीण रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी तो पर्याय बाजूला ठेवला, आणि त्यांचं कारण मला आजही पटतं. मिफेप्रिस्टोनही त्याच सीवायपी ३ए४ने मोडतं. एका औषधाला ज्या एन्झाइमने हरवलं, त्याच्याच भरवशावर दुसरं औषध कशाला द्यायचं? शिवाय हिमोग्लोबिन ९.८ होतं, त्यामुळे लांबणारा रक्तस्राव नको होता. त्यांनी सिरिंजने गर्भाशय रिकामं करायचं ठरवलं.

दुसरा निर्णय: यापुढे कोणतं साधन

गर्भपाताच्या आधी या चर्चेला आम्ही जवळपास पाऊण तास दिला. सगळी साधनं तिच्यासमोर ठेवली.

नवऱ्याचा पहिला प्रश्न शस्त्रक्रियेचा. बाईची शस्त्रक्रिया म्हणजे बीजनलिका बंद करणं, अपयश साधारण शंभरात ०.५. पुरुषाची त्याहून सोपी आणि ०.१५, फक्त तिचा भरवसा तीन महिन्यांनी वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत हे दिसल्यावर. पुरुषाचं नाव काढताच तो "मला कोयता चालवायचाय" म्हणाला. ही भीती निराधार आहे, पण त्या दुपारी मला ती घालवता आली नाही. सुनीता स्वतः कायमचं काही करायला तयार नव्हती. धाकटी एक वर्षाचीही नाही, म्हणाली. गर्भपाताच्या ताणात घेतलेल्या कायमच्या निर्णयाचा पश्चात्ताप होऊ शकतो. आम्ही विषय तिथेच सोडला.

आशाताईने छाया ही गोळी सुचवली. विद्यार्थीही तोंडी परीक्षेत हेच उत्तर देतात: संप्रेरक नाही, म्हणजे रिफॅम्पिसिनशी भांडण नाही. छाया म्हणजे सेंटक्रोमन ३० मिलिग्रॅम, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. ती बीज सुटणं थांबवत नाही. गर्भाशयाचं अस्तर आणि येणारा गर्भ यांची वेळ चुकवते. अडचण अशी की क्षयरोग, मूत्रपिंडाचा जुनाट आजार, नुकतीच झालेली कावीळ, पीसीओडी यांत ती द्यायची नाही, असं सरकारी मार्गदर्शक सूचनांतच लिहिलेलं आहे. बाद. फक्त प्रोजेस्टोजेनची गोळीही बाद, कारण ती संयुक्त गोळीसारखीच मोडली जाते.

उरली दोन साधनं, अंतरा आणि कॉपर-टी.

अंतरा म्हणजे डीएमपीए या संप्रेरकाचं १५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. बीज सुटणं थांबवते, चिकटा घट्ट करते, अस्तर पातळ ठेवते. रक्तातली पातळी इतकी चढी असते की रिफॅम्पिसिनने फरक पडत नाही. या जोडीला पहिला वर्ग आहे. संप्रेरक आहे म्हणजे रिफॅम्पिसिनसोबत नको, असं सरसकट लिहिणारे इथे गुण घालवतात. पाळी कमी किंवा बंद होते, म्हणजे रक्तक्षय असलेल्या बाईला ते सोयीचंच. कागदावर मी हिलाच पसंती दिली असती. पण अंतराचं काटेकोर वापरातलं अपयश ०.२ आणि प्रत्यक्षातलं ४ आहे, आणि ही दरी चुकलेल्या तारखांची आहे. ऑगस्टचं पहिलं, नोव्हेंबरचं दुसरं गावात झालं असतं. फेब्रुवारीचं तिसरं? ठरलेल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत चालतं, पण टोळी तेव्हा कुठल्या फडात असेल हे मुकादमालाही ठाऊक नसतं. सुनीताचं कारण वेगळंच होतं. "पाळीच आली नाही तर मला रोज वाटत राहील, परत राहिला का म्हणून." या अनुभवातून गेलेल्या बाईचं हे म्हणणं मला खोडता आलं नाही.

कॉपर-टीमधलं तांबं शुक्रजंतूंना निकामी करतं आणि गर्भाशयात एक प्रकारची जंतुविरहित दाहक्रिया निर्माण करतं. मुख्य काम फलन होऊ न देण्याचं. यकृताशी संबंधच नाही, म्हणून रिफॅम्पिसिनचा प्रश्नच येत नाही. पण क्षयरोग आणि कॉपर-टी हे शब्द एका वाक्यात आले की थांबायचं. ओटीपोटाचा क्षयरोग असेल तर कॉपर-टी बसवणं चौथ्या वर्गात आहे. फुफ्फुसाचा असेल तर पहिल्या. फरक शोधावा लागतो. सुनीताची पाळी आजाराआधी नियमित होती, ओटीपोटात दुखणं नव्हतं, पांढरं जात नव्हतं, आतून तपासणीत नळ्यांच्या बाजूला गाठ किंवा दुखरेपणा नव्हता. नुकताच गर्भ राहिला, हीसुद्धा नळ्या उघड्या असल्याची साक्षच. उरला रक्तक्षय. त्यासाठी वर्ग दुसरा, म्हणजे द्या पण लोहाच्या गोळ्यांसोबत आणि लक्ष ठेवून.

काय केलं

१४ ऑगस्टला गर्भाशय रिकामं केलं आणि त्याच बैठकीत कॉपर-टी ३८० ए बसवली. पहिल्या तिमाहीतल्या, जंतुसंसर्ग नसलेल्या गर्भपातानंतर लगेच बसवायला हरकत नसते. संसर्गाची शंका असती तर बसवली नसती. क्षयरोगाची औषधं एकही दिवस थांबवली नाहीत. सुनीताला कॉपर-टीचा दोरा चाचपायला शिकवलं आणि कार्डवर दहा वर्षांनंतरची तारीख लिहून दिली. तारीख बघून ती पहिल्यांदा हसली. "तोवर पोरगी कामाला येईल."

काय झालं

सहा आठवड्यांनी दोरा जागेवर होता. पहिल्या दोन पाळ्या सात-सात दिवस चालल्या. मेफेनॅमिक ॲसिड दिल्यावर तिसरी पाच दिवसांवर आली. दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा उरलेल्या दिवसांची औषधं सोबत दिली. उपचार पूर्ण झाला आणि शेवटची बेडक्याची तपासणी तिकडच्या आरोग्य केंद्रात झाली, जंतू नव्हते.

एप्रिलमध्ये ती परतली तेव्हा हिमोग्लोबिन ९.४ होतं. म्हणजे क्षयरोग बरा होऊनही घटलेलं. लोहाच्या गोळ्या फडात कुणी दिल्या नव्हत्या आणि पाळी पुन्हा सहा-सात दिवसांवर गेली होती. याकडे मी हलकं बघत नाही. ऊसतोड बायकांमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९मध्ये राज्य सरकारला बीड जिल्ह्यात चौकशी करावी लागली. जास्त अंगावर जाणारी पाळी आणि मजुरीचा खाडा हीच त्या रस्त्याची सुरुवात असते. आता रिफॅम्पिसिन थांबून तीन महिन्यांहून अधिक झाले होते, त्यामुळे सगळे पर्याय पुन्हा खुले होते. मी ते सांगितले. तिने कॉपर-टी ठेवली, लोह घेतलं, आणि दिवाळीआधी पुन्हा ठरवू म्हणाली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त जागा १० जूनची होती. एक प्रश्न आणि निरोधचं एक पाकीट. निरोधचं प्रत्यक्षातलं अपयश १३च्या घरात असलं, तरी कॉपर-टी बसेपर्यंतच्या काही दिवसांसाठी ते पुरलं असतं. दुसरी जागा ११ जुलैच्या डागांची. आशाताईला ते डाग माझ्यापर्यंत आणावेत असं कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि शिकवायचं काम माझं होतं. बीज मात्र बहुधा त्याच दिवसांत सुटलं असावं, म्हणजे ती खूण कळूनही हा गर्भ टळला असता असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. आणखी एक शंका राहतेच: कारखान्याच्या हद्दीतल्या केंद्राशी आधीच बोलून फेब्रुवारीच्या इंजेक्शनची सोय लावली असती, तर अंतराबद्दलचं तिचं मत बदलण्याचा मी जास्त प्रयत्न केला असता का? कदाचित.

त्यानंतरच्या मासिक बैठकीत आशाताईने पिशवी टेबलावर रिकामी केली आणि माला-एनची पाकिटं वेगळ्या कप्प्यात ठेवली. त्या कप्प्यावर तिने पेनाने लिहिलं: लाल लघवीवाल्या बाईला नाही.